‘वाटणे’ या क्रियापदाचा उलगडा: दैनंदिनीलेखनातील काही प्रश्नांविषयी

मनातील भावनांचा गुंता सोडविण्यासाठी प्रथमच दैनंदिनी लिहू लागणारा मनुष्य बहुधा एकाच प्रश्नापासून आरंभ करतो: ‘आज मला काय वाटले?’ हा प्रश्न स्वाभाविक असला तरी मराठीत तो फारसा उपयोगी पडत नाही. त्याचे कारण मानसशास्त्रीय आहे तितकेच भाषिकही आहे. त्या कारणाचा विचार करून, कोणते प्रश्न अधिक उपयोगी पडतात हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाच्या प्रायोगिक अभ्यासास जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांच्या १९८६ मधील प्रयोगापासून चालना मिळाली. त्यांनी ४६ विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहावयास सांगितले. एका गटाने क्षुल्लक विषयांवर लिहिले, दुसऱ्याने क्लेशकारक प्रसंगातील केवळ घटना लिहिल्या, तिसऱ्याने केवळ भावना, आणि चौथ्याने घटना व भावना दोन्ही. चौथ्या गटातील विद्यार्थी लिहून झाल्यावर अधिक खिन्न दिसले. परंतु पुढील सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात जाण्याचे त्यांचे प्रमाण कमी राहिले. पुढे १९९७ मध्ये अशा सहा प्रयोगांतील लेखनाची शब्दशः छाननी झाली. तीत असे आढळले की, दिवसागणिक ज्यांच्या लेखनात कार्यकारणदर्शक व बोधदर्शक शब्द वाढत गेले, त्यांना लाभ अधिक झाला. आपल्याकडील ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘कळले’, ‘लक्षात आले’ या जातीचे हे शब्द होत. आरंभापासूनच असे शब्द विपुल असणे महत्त्वाचे नव्हते. ते वाढत जाणे महत्त्वाचे होते. म्हणजे उपकारक ठरतो तो निव्वळ उद्गार नव्हे, तर उद्गारापासून कथनाकडे होणारा प्रवास.

आता मराठीकडे वळू. ‘मला वाईट वाटले’ आणि ‘मला वाटले की तो मला टाळतो’ या दोन वाक्यांत क्रियापद एकच आहे. पहिल्यात भावना आहे. दुसऱ्यात अनुमान आहे, व ते खोटेही असू शकते. दैनंदिनी लिहिणारा या दोहोंची सरमिसळ करतो, आणि अनुमानाला भावनेइतकेच निर्विवाद मानू लागतो. म्हणून पहिला उपयोगी प्रश्न असा: *माझ्या ‘वाटले’पुढे ‘की’ किंवा मागे ‘असे’ येते काय?* येत असेल तर ते वाक्य भावनेचे नसून मताचे आहे; ते वेगळे काढून ठेवावे.

दुसरी गोष्ट विभक्तीची. मराठीत भावना बहुधा ‘मला’ येते, होते किंवा वाटते. कर्ता म्हणून ‘मी’ तेथे नसतो. तथापि राग, भीती, लाज, हेवा ही नामे आपल्यासोबत षष्ठीची एक जागा आणतात: राग कोणाचा, भीती कशाची, लाज कशाची, हेवा कोणाचा. भावनेचे कारण मात्र ‘-मुळे’ने सांगितले जाते, आणि ते पुष्कळदा निराळे असते. ‘मला त्याचा राग आला’ हे खरे असूनही राग दुसऱ्याच गोष्टीमुळे आलेला असू शकतो. ‘कसेतरीच वाटले’ या प्रयोगात षष्ठीची जागाच नसते. म्हणून गोंधळलेले मन त्याचा आश्रय घेते. यावरून पुढील दोन प्रश्न निघतात: *ही भावना कोणाची किंवा कशाची?* आणि त्यानंतरच, *ती कशामुळे?*

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन मित्रांनी एकाच अधिव्याख्यातापदासाठी अर्ज केला आणि त्यांपैकी एकाची नेमणूक झाली. दुसरा पहिल्या दिवशी लिहितो: ‘बातमी ऐकून कसेतरीच वाटले. वाटले की त्याला हे आधीच ठाऊक होते. सगळे व्यर्थ आहे असे वाटते.’ येथे ‘वाटणे’ तीनदा आले आहे. परंतु कसोटी लावताच दुसरे अनुमान व तिसरे मत ठरते. भावना एकच उरते, आणि तिला अद्याप नाव नाही.

दुसऱ्या दिवशी तो प्रथम केवळ साक्षीदाराला दिसले असते तेवढेच लिहितो: ‘ग्रंथालयाच्या जिन्यावर त्याने मला बातमी सांगितली. मी अभिनंदन केले. त्याने चहाला बोलावले. काम आहे असे सांगून मी निघून आलो.’ मग षष्ठीची जागा भरतो: ‘त्याचा हेवा वाटला. खोटे कारण सांगितल्याची लाज वाटली. घरी कळविण्याची भीती वाटली.’ एका ‘कसेतरीच’मधून तीन भावना निघाल्या.

तिसऱ्या दिवशी तो ‘-मुळे’ शोधतो. भीती नेमणूक हुकल्यामुळे नव्हती. ही नोकरी नक्की मिळेल असे त्याने वडिलांना सांगून ठेवले होते, त्यामुळे होती. चौथ्या दिवशी तो तोच प्रसंग स्वतःला ‘तो’ म्हणून लिहितो. तसे लिहिताना त्याच्या लक्षात येते की, मित्राने ही बातमी चारचौघांत न सांगता तो एकटा भेटेपर्यंत राखून ठेवली होती. हेवा नाहीसा झालेला नाही; पण आता मित्राकडे चहाला जाणे आणि वडिलांना पत्र लिहिणे ही दोन निश्चित कामे समोर उभी राहिली आहेत.

हा क्रम यादृच्छिक नाही. ‘का’ हा प्रश्न प्रसंगात बुडालेल्या अवस्थेत विचारला तर मनुष्य तेच दुःख उगाळत बसतो. किंचित दुरून पाहताना विचारला तर क्षोभ कमी होतो, असे ईथन क्रॉस व ओझलेम आयडुक यांच्या २००५ पासूनच्या संशोधनातून दिसून आले आहे. म्हणून घटना व नाव आधी, कारण मागाहून. सर्वनामांचा पालटही निरर्थक नाही: २००३ मधील एका अभ्यासात, ज्यांच्या लेखनातील सर्वनामांचा वापर दिवसागणिक बदलत गेला त्यांचे आरोग्य अधिक सुधारले. मात्र हे निष्कर्ष इंग्रजी लेखनाचे आहेत. मराठीत ‘गेलो’ या रूपातच ‘मी’ सामावलेला असतो; तेव्हा केवळ सर्वनामे मोजून आपल्या लेखनाची परीक्षा होणार नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जोआन फ्रॅटरोली यांनी २००६ मध्ये १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सरासरी लाभ खरा परंतु अल्प ठरला. काहींना अपायही होतो: नुकतेच वैवाहिक जोडीदारापासून विभक्त झालेल्या व्यक्तींच्या २०१३ मधील एका अभ्यासात, सतत अर्थ शोधीत बसणाऱ्यांची स्थिती भावनालेखनाने लवकर सुधारली नाही, दिवसभरात काय केले एवढेच लिहिणारे त्यांच्याहून बरे राहिले. अशा अपायाची खूण वहीतच सापडते. तीन दिवसांची पाने शेजारी ठेवून पाहावीत. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येत असेल, ‘कळले’ कोठेही नसेल आणि ‘का’ मात्र वाढत असेल, तर ते लेखन थांबवावे व काही दिवस केवळ घटनांची नोंद करावी. झोप व अन्न सुटले असेल, किंवा जीव नकोसा झाल्याचे वहीत येऊ लागले असेल, तर वही मिटून त्वरित वैद्याकडे जावे. ते काम कोणत्याही प्रश्नावलीचे नव्हे.

लेखन १५ ते २० मिनिटांपलीकडे नेऊ नये आणि एका प्रसंगासाठी चार दिवस पुरेसे मानावेत. चौथ्या दिवशीचे पान पहिल्या दिवशीच्या पानाहून व्याकरणदृष्ट्या निराळे दिसते काय, एवढे पाहिले म्हणजे लेखन पुढे सरकले की नाही हे समजते.