चंदीगडचा किलोमीटर, पुण्याचा हिशेब

चंदीमंदिरची छावणी, पीजीआय, बँका, केंद्र सरकारच्या प्रयोगशाळा अशा ठिकाणी बदली होऊन चंदीगडला येणारी मराठी कुटुंबे बहुतेक वेळा इथेच गाडी घेतात. घेताना डोक्यात असतात ते पुण्या-मुंबईत ऐकलेले आकडे: सीएनजी सर्वात स्वस्त, डिझेल आता परवडत नाही, इलेक्ट्रिक गाडी रुपयात किलोमीटर देते. यातला प्रत्येक आकडा कुठे ना कुठे खरा आहे, पण सगळीकडे नाही. किलोमीटरचा खर्च इंधनाच्या जातीवर जितका ठरतो, तितकाच तो तुमच्या शहरातल्या करांवर, विजेच्या टप्प्यांवर आणि तुम्ही रोज किती लांब जाता यावर ठरतो.

हिशेबासाठी टाटा नेक्सॉन घेऊ. कारण एवढेच की ही एकच गाडी पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि इलेक्ट्रिक अशा चारही रूपांत मिळते, त्यामुळे छोट्या गाडीची मोठीशी तुलना होत नाही.

गैरसमज: सीएनजी म्हणजे सर्वात स्वस्त

२०२५ साली मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या पुढे होते आणि सीएनजी किलोला ८०च्या आसपास. चंदीगडमध्ये तेव्हा पेट्रोल साधारण ९४ रुपये ३० पैसे, डिझेल ८२ रुपये ४० पैसे आणि सीएनजी मात्र किलोला नव्वदीच्या वर होता. चंदीगड केंद्रशासित असल्याने इथे पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट कमी आहे. म्हणून मोहालीची माणसे टाकी भरायला हद्द ओलांडून येतात. पंजाबात तेच पेट्रोल तीन-चार रुपयांनी महाग पडते. गॅसचे गणित उलटे आहे. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. शिवाय २०२४च्या अखेरीस शहरी गॅस कंपन्यांना मिळणाऱ्या स्वस्त देशी वायूचा वाटा सरकारने कमी केला आणि उरलेला वायू महाग दराने घ्यावा लागू लागला.

आता भागाकार करू. रोजच्या मिश्र वापरात ही गाडी पेट्रोलवर लिटरला १३, डिझेलवर १७ आणि सीएनजीवर किलोला १६ किलोमीटर देते असे धरू. कंपनीचे प्रमाणित आकडे याहून मोठे असतात, पण ते प्रयोगशाळेतल्या रोलरवर काढलेले असतात. सीएनजीचा दर ९३ धरला तर किलोमीटरला पेट्रोलचे सव्वासात रुपये, सीएनजीचे पाच रुपये ऐंशी पैसे आणि डिझेलचे चार रुपये पंच्याऐंशी पैसे होतात. मुंबईत पेट्रोल सोडून सीएनजी घेतला की किलोमीटरमागे जवळजवळ तीन रुपये वाचतात, चंदीगडमध्ये दीडच. सीएनजी गाडीसाठी मोजलेले लाखभर रुपये वसूल व्हायला इथे दुप्पट किलोमीटर लागतात, आणि निव्वळ इंधन पाहिले तर डिझेल तिच्याहून स्वस्त आहे.

सीएनजीचा आणखी एक खर्च विसरला जातो. सिलिंडरची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि चाचणीची तारीख पट्टीवर नोंदवलेली असते. ती उलटली असेल तर पंपावर गॅस नाकारला जातो. सिलिंडरची ६० लिटर ही क्षमता पाण्याच्या मापाची असते. २०० बार दाबाला त्यात गॅस आठ-नऊ किलोच मावतो. भरताना पंपाचा दाब कमी असेल किंवा सिलिंडर तापलेले असेल तर तेवढाही नाही. त्यामुळे मायलेज काढताना काट्याकडे पाहू नये, पावतीवरचे किलो जोडत जावे.

गैरसमज: मग डिझेलच घ्यावे

इथे चंदीगडची रचना आड येते. एक सेक्टर ८०० मीटर बाय १२०० मीटरचा. घर सेक्टर ४६ मध्ये, कचेरी १७ मध्ये आणि मुलांची शाळा वाटेत, असे असेल तर पाच-सहा किलोमीटरची फेरी होते, तीही प्रत्येक चौकातल्या सिग्नलला थांबत. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला धूर बराच वेळ चांगला तापलेला असावा लागतो. इंजिन गरम होण्याआधीच फेरी संपली तर काजळी साठत जाते. आधी मायलेज उतरते, मग डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो. दिवा लागताच गाडी अंबाला रस्त्यावर किंवा झिरकपूरच्या पुढे नेऊन वीस-पंचवीस मिनिटे एका वेगात चालवली तर जाळी बहुधा साफ होते. दुर्लक्ष केले तर गाडीची ताकद आपोआप कमी केली जाते आणि वर्कशॉपचे बिल काही महिन्यांची इंधनबचत खाऊन टाकते. जोडीला युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, भरत राहावे लागते.

महिन्यातून चार वेळा दिल्ली किंवा शिमला करणाऱ्याला डिझेल आजही रास्त आहे. सेक्टरातून सेक्टरात फिरणाऱ्याने कागदावरच्या चार रुपये पंच्याऐंशी पैशांना भुलू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

गैरसमज: इलेक्ट्रिक गाडी रुपयात किलोमीटर देते, कुठेही

हे चंदीगडमध्ये जवळपास खरे आहे आणि पुण्यात नाही. ३० युनिटच्या बॅटरीवर नेक्सॉन रोजच्या वापरात १९५ किलोमीटर जाते असे धरू. पण बॅटरी पूर्ण भरायला मीटरवर ३० नव्हे, ३४च्या आसपास युनिटे पडतात, कारण चार्जरमध्ये आणि बॅटरी तापण्यात दहा-बारा टक्के वीज जाते. गाडीच्या पडद्यावरचा आकडा बॅटरीतून निघालेल्या विजेचा असतो, बिल मात्र भिंतीतल्या प्लगचे येते. म्हणून युनिटला ५.७ किलोमीटर धरायचे.

दर कोणता लावायचा, हेही नीट पाहावे लागते. अनेकजण बिलाची रक्कम भागिले युनिटे करून सरासरी काढतात, ते चुकते. वर्षाला दहा हजार किलोमीटर म्हणजे महिन्याला सुमारे १४५ युनिटे जास्त, आणि ती सगळी तुमच्या सर्वात वरच्या टप्प्यात पडतात. चंदीगडमध्ये तो टप्पाही उपकरांसह सहा रुपयांच्या आत राहतो, म्हणून किलोमीटरला एक रुपया पाच पैसे. पुण्यात महावितरणचा शंभर युनिटांपुढचाच दर सगळे आकार धरून बारा रुपयांच्या पुढे जातो, म्हणजे किलोमीटरला दोन रुपयांहून अधिक. तिथे गाडीसाठी वेगळे मीटर घेतले तर दर बराच उतरतो. चंदीगडला त्याची निकड नाही.

निकड आहे ती प्लगची. कोठीच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्याला खाली वायर सोडायची परवानगी मिळेलच असे नाही, आणि सोसायटीत जागा ठरलेली नसते. सगळे चार्जिंग बाहेरच्या जलद चार्जरवर झाले तर करासह युनिटला वीस रुपये धरून किलोमीटर तीन रुपये पन्नास पैशांना पडतो. डिसेंबर-जानेवारीत हीटर चालू ठेवून छोट्या फेऱ्या केल्या तर त्याहून जास्त, कारण थंड गाडी दर फेरीला नव्याने तापवावी लागते. घरभाड्याचा करार करण्याआधी मालकाला प्लगबद्दल विचारावे, शोरूमला नंतर जावे.

इंधनापलीकडचा किलोमीटर

आतापर्यंतचे सगळे आकडे चालवण्याचे होते. मालकीचा सर्वात मोठा खर्च बहुधा गाडीची उतरत जाणारी किंमत असतो. आठ वर्षे, वर्षाला दहा हजार किलोमीटर, असा हिशेब मांडू. गोळाबेरजेने पेट्रोल गाडी रस्त्यावर ११ लाखांना, सीएनजी १२, डिझेल साडेबारा आणि इलेक्ट्रिक १३.२ लाखांना धरली आहे. चंदीगडच्या २०२२च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक गाडीला रोड टॅक्स माफ आहे. तुमच्या कोटेशनचे आकडे यात बसवून पाहा.

पेट्रोलचे इंधन ५.८ लाख, देखभाल ६५ हजार, आणि शेवटी गाडी ३.३ लाखांना गेली तर एकूण १४.१५ लाख. याच रीतीने डिझेल आणि सीएनजीही १४ लाखांच्या जरा वर येतात. म्हणजे पंपावर रुपयांनी दिसणारा फरक आठ वर्षांत जवळपास पुसला जातो, कारण जे इंधनात वाचते ते खरेदीत आणि देखभालीत आधीच मोजलेले असते. इलेक्ट्रिक गाडीचे ऐंशी टक्के चार्जिंग घरी केले तर वीज १.२ लाख, देखभाल ४० हजार; विकताना दोनच लाख आले तरी एकूण १२.८ लाख. सगळे चार्जिंग बाहेर केले तर हीच रक्कम १४.४ लाखांवर जाते आणि फायदा संपतो. आणि वर्षाला पाच हजारच किलोमीटर होत असतील तर पेट्रोल गाडीच स्वस्त ठरते. वीस हजार होत असतील तर घरी प्लग असलेली इलेक्ट्रिक गाडी इतकी पुढे जाते की बाकी तिघींची तुलना करायची गरजच राहत नाही.

पाच वर्षांत बॅटरी बदलावी लागते, ही भीती या हिशेबात मी धरलेली नाही. बॅटरीला आठ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटरची हमी असते. ती एकाएकी मरत नाही, तिची क्षमता हळूहळू उतरते, आणि किती उतरली ते सर्व्हिस सेंटर टक्क्यांत सांगू शकते. आणखी एक समज दुचाकीवाल्यांकडून ऐकू येतो, की चंदीगडमध्ये पेट्रोल गाड्यांची नोंदणीच बंद होणार. २०२३ मध्ये ठरलेला कोटा संपल्याने पेट्रोल दुचाकींची नोंदणी खरोखरच काही काळ थांबली होती. पुढे ती मर्यादा मागे घेतली गेली.

बदलीवर आलेल्या माणसाचा हिशेब मात्र आठ वर्षांचा नसतोच. तीन वर्षांत तीस हजार किलोमीटर चालवून गाडी इथेच विकायची असेल, तर पेट्रोल गाडी ११ लाखांवरून ७.३ लाखांवर येईल आणि इलेक्ट्रिक १३.२ वरून साधारण सात लाखांवर, कारण वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीला गिऱ्हाईक अजून बिचकते. इंधन आणि देखभाल मिळवली की पेट्रोलचा खर्च सुमारे सहा लाख होतो, इलेक्ट्रिकचा पावणेसात. विजेत वाचलेले पैसे विक्रीत जातात. पण यामुळेच, घरी प्लग असेल तर दुसऱ्याची तीन वर्षे वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेणे फायद्याचे ठरू शकते: मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि बॅटरीची पाच वर्षांची हमी शिल्लक असते. घेण्याआधी बॅटरीच्या आरोग्याचा टक्का सर्व्हिस सेंटरकडून कागदावर घ्यावा, आणि हमी दुसऱ्या मालकालाही त्याच अटींवर लागू आहे का, ते लेखी विचारून घ्यावे.