एक स्लॅब, दोन इंजिनिअर

तालुक्याच्या गावात सरकारी इमारतीचा स्लॅब भरायचा आहे, असं समजा. 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद, 150 मिलिमीटर जाड, म्हणजे 14.4 घनमीटर काँक्रीट. सळयांच्या जाळीवर दोघं उभे आहेत: सार्वजनिक बांधकाम विभागातला कनिष्ठ अभियंता आणि ठेकेदाराचा साइट इंजिनिअर. पदवी एकच, वयही साधारण सारखंच.

साइट इंजिनिअर पहाटेपासून इथंच आहे. टेकू घट्ट आहेत का, मुकादमाची माणसं आली का, एक व्हायब्रेटर बंद पडला तर दुसरा आहे का, हे सगळं त्याच्याकडे. काँक्रीट मधेच थांबलं तर जुना आणि नवा थर एकजीव होत नाहीत. पुढं त्याच सांध्यातून पाणी झिरपतं.

कनिष्ठ अभियंत्याच्या हातात टेप आहे. सळई एकदा झाकली गेली की मोजता येत नाही, म्हणून तिची जाडी आणि अंतर आधीच मोजून मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे ‘एमबी’त लिहायचं. त्यात खाडाखोड चालत नाही. चुकलेला आकडा वाचता येईल असा छेदून शेजारी सही करायची.

आज अडचण निघते तुळईवर. तिथं सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला हवी, पण खाली आधाराच्या ‘खुर्च्या’ कमी पडल्यात आणि मजुरांच्या पायांखाली ती दबलीय. तशीच भरली तर तुळईच्या रेषेत वरून तडा जाणार. दुरुस्तीला तास लागेल. साइट इंजिनिअरला मालकाचा फोन आणि बसलेल्या मजुरांची हजेरी दिसते. दुसऱ्याला दिसते स्वतःची सही. चूक पुढं उघडी पडली तर विभागीय चौकशी त्याचीच. सरकारी नोकरीत ताण नसतो, असं म्हणणाऱ्यांनी एमबीवर एकदा सही करून बघावी.

पगार मात्र त्याचा एक तारखेला होतो. बदली झाली तरी नोकरी राहते. साइट इंजिनिअरचा पगार बऱ्याचदा ठेकेदाराच्या रनिंग बिलावर लटकलेला असतो, आणि बिल त्याच एमबीवर. काम संपलं आणि पुढचं टेंडर मिळालं नाही, तर त्याला नवी साइट शोधावी लागते.

शिकण्याच्या बाबतीत पहिल्या चार-पाच वर्षांत मला खाजगीचं पारडं जड वाटतं. खुर्च्या किती लागतील, हे तो पुढच्या स्लॅबला विसरणार नाही, कारण तासाभराचं नुकसान त्याच्या अंगावर आलंय. सरकारी अभियंता अंदाजपत्रक, दरसूची, निविदेच्या अटी पक्क्या शिकतो, पण पाच-सहा कामांवर एकट्यानं फिरताना हात कोरा राहायचा धोका असतो. उलट, छोट्या ठेकेदाराकडं वर्षानुवर्षं तेच दुमजली काम करणाराही तिथंच अडकतो.

खुर्च्या लावून झाल्या, काँक्रीट सुरू झालं. एवढ्या कामाला भारतीय मानकानुसार दोन नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे. ते फुटतील 28व्या दिवशी. तोवर साइट इंजिनिअर कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात पायाच्या खड्ड्यात उभा असेल. निकालाचा कागद येईल तो कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर.