स्टोअरचा ताबा देताना

भोसरी-चाकणच्या एखाद्या यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा माणूस नोकरी सोडतो, तेव्हा नव्या माणसाच्या हाती साठ्याची यादी दिली जाते. पण यादी संगणकातून केव्हाही निघते. पुस्तकी साठा आणि फडताळावरचा माल कुठे जुळत नाही आणि का जुळत नाही, हे जाणाऱ्याच्या डोक्यात असतं. ताब्याच्या टिपणात पहिल्यांदा तेच यायला हवं.

एक उदाहरण घेऊ. 25 मिलिमीटरची गोल सळई वजनावर विकत घेतली जाते, पण कारखान्यात ती मीटरने कापायला दिली जाते. किलोचे मीटर करायला सगळे एकच हिशेब वापरतात: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. 25 मिलिमीटरला ते 3.86 किलो येतं. एक टन सळई आली की संगणक 259 मीटर जमा करतो. पण आलेली सळई प्रत्यक्षात 25.3 मिलिमीटर भरली, तर मीटरला 3.95 किलो पडतात आणि टनात जेमतेम 253 मीटर बसतात. सहा मीटर गाडीतून उतरण्याआधीच कमी झाले! पुरवठादाराने फसवलं असंही नाही, कारण सळईच्या व्यासात इतका फरक मान्य असतो.

हे टिपणात नसेल तर नवा माणूस पहिल्या मोजणीत तूट पाहतो आणि त्याचा संशय माल देणाऱ्या पोऱ्यावर जातो. हा अन्याय मला सर्वात जास्त खुपतो. तूट कुठली हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. माल उतरल्यावर, एकही तुकडा कापण्याआधी मोजून पाहावं. तेव्हाच कमी भरला तर दोष जमा करण्याच्या हिशेबात आहे. तेव्हा बरोबर भरला आणि माल देता देता तूट वाढत गेली, तर करवतीच्या पात्यात जाणारी लांबी किंवा राहून गेलेल्या इश्यू स्लिपा तपासाव्यात. टिपणात उपायही लिहावा: माल येताच व्हर्नियरने व्यास घ्यायचा, सळया मोजायच्या आणि आवक नोंदीत खरे मीटर टाकायचे. वर्षाअखेरीस फरकाची एक नोंद टाकून आकडे जुळवले, की कारण तसंच राहतं आणि पुढच्या टनाला तूट पुन्हा उभी राहते.

दुसरा उघडा विषय बाहेर गेलेल्या मालाचा. प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला गेलेले भाग आपलेच असतात, पण आपल्या छपराखाली नसतात. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे असा कच्चा किंवा अर्धवट तयार माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच पुढे रवाना व्हावा लागतो. आयुक्तांकडून मुदत वाढवून घेता येते. तसं झालं नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं आणि करावर व्याज चढतं. समजा, 600 भाग चलनावर गेले आणि 540 आले. “60 बाकी” एवढं लिहून भागत नाही. त्यातले 22 प्लेटिंग सोलल्यामुळे तिकडेच पडून आहेत, 38 पुढच्या खेपेला यायचे आहेत, चलनाची तारीख ही, तिथे कोणाशी बोलायचं ते हे, असं लिहिलं तर नवा माणूस त्याच दिवशी फोन उचलू शकतो. साचे, जिग, फिक्स्चर यांना ही मुदत लागू नाही. म्हणूनच ते विसरले जातात. त्यांची यादी वेगळी ठेवावी.

रोजच्या कामांत क्रम महत्त्वाचा असतो आणि तोच टिपणात बहुधा सुटतो. सकाळी माल द्यायला सुरुवात होण्याआधी ठरलेल्या थोड्या वस्तू मोजायच्या, कारण खिडकी उघडल्यावर आकडा हलता होतो. त्याआधी शून्याखाली गेलेल्या साठ्याचा अहवाल पाहायचा. उणे पाच बेअरिंग जगात कुठेच नसतात. एकतर आलेल्या मालाची आवक नोंद राहिली आहे, किंवा स्लिप दुसऱ्याच कोडवर चढली आहे. मिळताजुळता कोड उघडला तर बऱ्याचदा तिथे नेमके पाच जास्त सापडतात. संध्याकाळी त्या दिवसाच्या सगळ्या स्लिपा चढवूनच उठायचं, रात्रपाळीच्या स्लिपांसाठी डबा कुठे आहे तेही सांगून ठेवायचं.

ताब्याच्या दिवशी सगळं स्टोअर मोजणं शक्य नसतं. महागड्या आणि वारंवार लागणाऱ्या वस्तू दोघांनी एकत्र मोजाव्यात आणि तेवढ्याच ओळींवर दोघांच्या सह्या व्हाव्यात. उरलेल्या प्रत्येक वस्तूपुढे ती शेवटची कधी मोजली ती तारीख लिहावी, आणि जुन्या तारखांपासून नव्या माणसाने मोजणी सुरू करावी.