छाननीत गळलेला अर्ज आणि फेरविचाराचे पत्र

नोकरीच्या अर्जाला ‘आपली निवड होऊ शकली नाही’ असे दोन ओळींचे उत्तर आले म्हणजे आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टी घडतात. उमेदवार नशिबाला बोल लावून गप्प बसतो, नाहीतर कोणा पुढाऱ्याची चिठ्ठी मिळवायला धावतो. यांखेरीज तिसरा एक मार्ग आहे. ज्याच्या हाताखाली काम करावयाचे त्या अधिकाऱ्यास नवा पुरावा जोडून फेरविचाराचे पत्र लिहावे, हा तो मार्ग. तो केव्हा उघडा असतो, केव्हा बंद असतो, आणि त्यावरून कसे चालावे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

प्रथम छाननी म्हणजे काय ते पाहू. कारखान्यात फिटरच्या दोन जागा निघाल्या आणि दोनशे अर्ज आले, तर खात्याचा प्रमुख ते सगळे वाचत नाही. भरती कचेरीतील माणूस, आणि हल्ली पुष्कळ ठिकाणी संगणक, जाहिरातीतील अटी समोर ठेवून अर्ज चाळतो. शिक्षण कोणते, अनुभव किती वर्षांचा, कोणत्या कामाचा, एवढेच तो पाहतो. जे अर्जात दिसत नाही ते उमेदवाराच्या अंगी नाही असे धरले जाते. म्हणून छाननीतला नकार हा पुष्कळदा माणसाला दिलेला नकार नसतो, त्याच्या कागदाला दिलेला असतो. आणि कागदात उणीव असेल तर ती कागदानेच भरून काढता येते.

येथे कित्येकांना 1974 सालचे एक पोस्टकार्ड आठवेल. टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे लिहिलेले पाहून सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना लिहिले. त्यांना पुण्यास मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. गोष्ट खरी आहे, परंतु तिचे अनुकरण करताना एक भेद ध्यानी ठेवावा. ‘तुमची अटच अन्यायाची आहे’ असे त्या कार्डाचे म्हणणे होते. आपल्या बहुतेक मुलांचे म्हणणे तसे नसते. ‘अट योग्य आहे, मी ती पुरी करतो, पण ते अर्जात दिसले नाही’ असे त्यांना म्हणावयाचे असते. पहिले पत्र तक्रारीचे असते, दुसरे पुराव्याचे. दुसऱ्यात तक्रारीचा सूर शिरला की ते फुकट जाते.

आता पनवेलजवळच्या तळोजे औद्योगिक वसाहतीतले एक उदाहरण घेऊ. ते कोणा एकाचे नव्हे. येथल्या शेकडो मुलांची स्थिती अशी असते. मुलगा आयटीआयमधून दोन वर्षांचा फिटरचा अभ्यासक्रम पास झालेला. नंतर तीन वर्षे ठेकेदारामार्फत एका रासायनिक कारखान्याच्या दुरुस्ती खात्यात. दुसऱ्या कारखान्यात कायम फिटरची जागा निघाली. अट होती पंपांच्या दुरुस्तीचा दोन वर्षांचा अनुभव. याने अर्जात लिहिले, ‘ठेकेदाराकडे तीन वर्षे हेल्पर’. अर्ज गळला.

वस्तुतः हा हेल्पर पंप खोलून त्याचे मेकॅनिकल सील बदलत होता, बेअरिंग बसवीत होता, मोटर आणि पंप यांचे दांडे डायल गेज लावून एका रेषेत आणीत होता. पण हजेरीपटावर त्याचे नाव हेल्पर म्हणून होते, आणि तेच त्याच्या अर्जात उतरले.

अशा मुलाने पहिल्याने भरती कचेरीला नम्रपणे विचारावे की, अर्ज कोणत्या अटीवर मागे पडला? उत्तर मिळालेच तर काम सोपे होते. न मिळाल्यास जाहिरात आणि अर्जाची प्रत शेजारी ठेवून प्रत्येक अटीसमोर आपण काय लिहिले ते पाहावे. जेथे काही लिहिलेले नाही, किंवा मोघम लिहिले आहे, तेथेच बहुधा घोडे अडलेले असते.

दुसरे काम पुराव्याचे. भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात कोणत्या महिन्याची वर्गणी कोणत्या आस्थापनेने भरली ते दिसते. म्हणजे काळ सिद्ध होतो, काम सिद्ध होत नाही. कामासाठी ठेकेदाराचे अनुभवपत्र हवे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीची 2020 ची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. तिच्यात असे कलम आहे की, कंत्राटी कामगाराने मागितल्यास ठेकेदाराने त्याला केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभवाचे प्रमाणपत्र द्यावे. फार थोड्यांना हे ठाऊक आहे. मागणी लेखी करावी आणि आपल्या मागणीची पोच घ्यावी. ‘काम समाधानकारक’ एवढ्यावर समाधान मानू नये. कोणती यंत्रे, कोणते काम, हे त्यात यावयास हवे. ज्या फोरमनने काम पाहिले त्याची संमती असल्यास त्याचे नाव पत्रात द्यावे. कारखान्यातले कामाचे परवाने वा नोंदवह्या यांचे फोटो मात्र जोडू नयेत. ते कागद कारखान्याचे आहेत, आणि एका मालकाचे कागद बाहेर नेणारा माणूस दुसऱ्या मालकालाही नको असतो.

मग पत्र. ते खात्याच्या प्रमुखाला लिहावे आणि प्रत भरती कचेरीला द्यावी, म्हणजे कोणाला डावलल्यासारखे होत नाही. मजकूर एवढाच पुरे:

‘फिटरच्या जागेसाठी मी अर्ज केला होता, तो मान्य झाला नाही असे कळले. अर्जात मी फक्त हेल्पर असे पद लिहिले होते. कामाचा तपशील दिला नव्हता. तीन वर्षे मी सेंट्रिफ्युगल पंपांचे सील व बेअरिंग बदलण्याचे, तसेच डायल गेजने पाच शतांश मिलिमीटरच्या आत अलाइनमेंट करण्याचे काम केले आहे. ठेकेदाराचे अनुभवपत्र व पासबुकाची प्रत सोबत आहे. मुलाखतीपूर्वी आपल्या खात्यात माझी प्रात्यक्षिक चाचणी घ्यावी, ही विनंती.’

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्यावे. येथे नोकरी मागितलेली नाही, तासाभराची चाचणी मागितली आहे. निर्णय फिरवणे अधिकाऱ्याला जड जाते. चाचणी घेणे त्यामानाने सोपे असते. पण पत्रात लिहिलेले प्रत्येक काम चाचणीत करून दाखवावे लागेल, हे जाणूनच ते लिहावे.

पत्र नकार कळल्यापासून दोनचार दिवसांत जावे. मुलाखती होऊन जागा भरली की उत्तम पुराव्याचाही उपयोग उरत नाही. मग पुढच्या भरतीसाठी नाव नोंदवून ठेवा एवढेच म्हणता येते. आठवड्याने एकदा चौकशी करावी. ‘जागा भरली’ किंवा ‘अटीत बसत नाही’ असे स्पष्ट उत्तर आले, अथवा चौकशीनंतरही मौनच राहिले, तर थांबावे. तिसऱ्या पत्राने माणूस चिकाटीचा ठरत नाही, त्रासदायक ठरतो. सोबत पुढाऱ्याची किंवा आमच्यासारख्या युनियनवाल्याची शिफारस जोडू नये. तिच्यामुळे अधिकाऱ्याचे लक्ष पुराव्यावरून दडपणाकडे वळते.

आता जेथे हा मार्ग बंद असतो ते सांगितले पाहिजे. बॉयलर चालविण्यास कायद्याने सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर दहा वर्षांचा अनुभवही चालत नाही, आणि ती सूट देणे कारखान्याच्या प्रमुखाच्याही हाती नाही. सरकारी भरतीत तर पात्रता सामान्यतः अर्जाच्या शेवटच्या तारखेस पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली अशोककुमार शर्मा यांच्या खटल्यात हेच तत्त्व सांगितले. त्या तारखेनंतर मिळविलेली परीक्षा कितीही खरी असली तरी त्या भरतीपुरती मोजली जात नाही. तेथे हरकतीची मुदत दिली असेल तर ठरलेल्या रीतीने हरकत घ्यावी. साहेबांना खासगी पत्र लिहून उपयोग नाही.

म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी स्वतःस विचारावे: मूळ अर्जात नसलेले, त्याच अटीला लागू पडणारे असे काय माझ्या हाती आहे? काही असेल तर आजच लिहावे. काही नसेल तर पत्राऐवजी ते प्रमाणपत्र मिळविण्याच्या मागे लागावे. आणि जी मुले आज ठेकेदाराकडे कामावर आहेत त्यांनी अनुभवपत्रासाठी नकार येण्याची वाट पाहू नये; नोकरी सोडताना, हिशेब घ्यावयाच्या दिवशीच, ते मागून घ्यावे.