गीझर आधी का बंद होतो?

मंजूर भार ५ किलोवॅट. एसी १.५, इंडक्शन १.८ आणि गीझर २ किलोवॅट एकदम चालले, तर बेरीज ५.३. मुख्य वायरवरचा सेन्सर ४.५ च्या वर सलग दहा सेकंद गेल्याचे पाहतो आणि कॉन्टॅक्टर गीझर तोडतो. दहा सेकंद थांबायचे, कारण पंप सुरू होतानाचा झटका क्षणिक असतो. बळी गीझरचाच, कारण टाकीतले पाणी लगेच गार होत नाही. इन्स्टंट गीझरला मात्र ही सवलत नाही.

खरी गोम परत जोडण्यात आहे. गीझर सुटल्यावर उरतात ३.३. ते ४.५ च्या खाली आहेत म्हणून लगेच जोडला, तर पुन्हा ५.३, आणि कॉन्टॅक्टरची खटखट सुरू. म्हणून उरलेला भार २.३ च्या खाली उतरल्यावरच गीझर जोडावा. अशी खटखट ऐकू आली, तर आधी हाच आकडा तपासा.