आयगेन व्हॅल्यू: एक गणित आणि त्यातली घसरण

पहिल्या ओळीत 4, 1 आणि दुसऱ्या ओळीत 2, 3 असलेली मॅट्रिक्स A घेऊ. आयगेन व्हॅल्यू काढताना λ फक्त मुख्य कर्णावरच्या पदांतून वजा होतो. म्हणून (4−λ)(3−λ) − 2 = 0, म्हणजेच λ² − 7λ + 10 = 0. उत्तरे 5 आणि 2.

λ चारही पदांतून वजा केला, तर λ² उडून जातो आणि 10 − 4λ = 0 एवढेच उरते. 2×2 मॅट्रिक्सचे समीकरण वर्गसमीकरण आले नाही, तर चूक इथेच शोधावी.

याहून फसवी चूक म्हणजे आधी ओळींच्या क्रिया करून मॅट्रिक्स सोपी करणे. दुसऱ्या ओळीतून पहिलीचा निम्मा भाग वजा केला, तर कर्णावर 4 आणि 2.5 येतात. गुणाकार डिटर्मिनंटइतका, 10 च राहतो, त्यामुळे संशय येत नाही. बेरीज मात्र 6.5 होते, मूळ कर्णाची बेरीज 7 आहे. दोन्ही पडताळे म्हणूनच करावेत.

ओळींच्या क्रियांची खरी जागा पुढे, व्हेक्टर काढताना. λ = 5 साठी −x + y = 0, म्हणून व्हेक्टर (1, 1). λ = 2 साठी 2x + y = 0, म्हणून (1, −2). दोन्ही समीकरणांतून फक्त (0, 0) निघाले, तर λ चुकलेला आहे.