भिंतीतली जुनी वायर

आमचे टिळकवाडीतले घर जांभ्या दगडाचे. भिंती दीड फूट जाडीच्या, उन्हाळ्यात घर गार ठेवणाऱ्या. पण खालच्या सोप्यात बसवलेल्या वाय-फायला त्या पार होत नाहीत, हे आम्हाला फायबरचे कनेक्शन घेतल्यावर कळले. शंभर एमबीपीएसचा प्लॅन, आणि माडीवरच्या मागच्या खोलीत हाती येत होते जेमतेम आठ-दहा. तेही येऊन-जाऊन.

आमची कन्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. तिची खोली तीच. गेल्या पावसाळ्यात बंगळूरच्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत चालू असताना ऐन प्रश्नाच्या वेळी तिचा आवाज तुटला. पुन्हा जोडले जाईपर्यंत समोरच्यांनी पुढचा उमेदवार घेतला होता. पुढची मुलाखत ती मैत्रिणीच्या घरी जाऊन देणार म्हणाली, आणि मला ते लागले.

नवी नेटवर्क वायर टाकायची तर भिंत फोडावी लागणार. इलेक्ट्रिशियन छिन्नी घेऊन उभा राहताच सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "ग्वाडी वडीब्याड्री!" दिवाळीलाच रंग दिलेला. जुन्या वायरीला बांधून नवी ओढून घ्यावी, हाही प्रयत्न केला. पाइप मोकळा असेल तर तोच सगळ्यांत स्वस्त आणि उत्तम उपाय. आमचा पाइप मात्र वळणावर चेपला होता आणि आतली वायर तसूभरही हलेना.

ती न हलणारी वायर म्हणजे १९९८ साली माडी बांधताना टाकलेली केबल टीव्हीची वायर. खोल्याखोल्यांत भिंतीवर टीव्हीचे सॉकेट, आणि सगळ्यांची टोके जिन्याखालच्या पेटीत. केबल बंद करून आम्ही छत्री बसवली, त्याला बरीच वर्षे झाली. अमेरिकेत अशाच वायरींतून घरात नेट फिरवतात, असे भाच्याने सांगितले. त्या पद्धतीला मोका म्हणतात. ती ठरवणारी कंपन्यांची संघटना २००४ मध्ये स्थापन झाली. दोन छोटे डबे लागतात. एक राउटरजवळ, दुसरा लांबच्या खोलीत, आणि मध्ये टीव्हीची वायर. मोका २.५ या जातीचे डबे अडीच गिगाबिटपर्यंत नेतात. आपल्याकडच्या दुकानांत ते सहसा मिळत नाहीत. भाच्याने येताना जोडी आणली, ती आम्हाला दहा हजारांवर पडली. डब्याच्या वीज-अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे याची मात्र आधी खात्री केली.

हे चालते कसे? केबल टीव्हीचे कार्यक्रम साधारण ८६० मेगाहर्ट्झच्या आत असतात. मोकाचे संदेश त्याच वायरीतून ११२५ ते १६७५ या पट्ट्यात जातात. त्यामुळे केबल चालू असली तरी दोघांची टक्कर होत नाही. छत्रीचे तसे नाही. छत्रीकडून येणारे संदेश ९५० पासून वर असतात आणि त्या वायरीतून सेट-टॉप बॉक्स छत्रीला वीजही पुरवतो. म्हणून सासूबाईंच्या मालिकांची ती वायर आम्ही या भानगडीपासून पूर्ण वेगळी ठेवली.

पहिले काम, कोणती वायर कुठे जाते ते ओळखणे. पेटीत चार टोके होती. तीन खोल्यांकडची आणि एक रस्त्यावरच्या खांबाकडून आलेले. ती एकमेकांना जोडणारा स्प्लिटर आधी काढला. मग माडीवरच्या सॉकेटात मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये चॉकलेटच्या चांदीचा तुकडा दाबला आणि खाली एकेक टोक मल्टिमीटरने तपासले. ज्या टोकाला मीटर वाजला, ती माडीची वायर. सोप्यातली तशीच शोधली. जुने स्प्लिटर बहुधा १००० मेगाहर्ट्झपर्यंतचेच असतात, मोकाला ते अडवतात. आम्हाला दोनच खोल्या जोडायच्या होत्या, म्हणून दोन्ही टोके दुतोंडी जॉइंटरने थेट जोडली. तीन खोल्या हव्या असत्या तर १६७५ मेगाहर्ट्झपर्यंतचा नवा स्प्लिटर लागला असता. खांबाकडची वायर काढून टाकली. ज्यांची केबल चालू आहे त्यांनी ती घरात शिरते तिथे मोकाचा फिल्टर बसवावा, म्हणजे आपले संदेश शेजाऱ्यांच्या घरी जात नाहीत.

आणखी एक अडचण पिनेची. आपले भिंतीवरचे सॉकेट बहुधा दाबून बसवायचे, डब्यांचे तोंड मात्र आट्यांचे. त्यासाठी छोटा कन्व्हर्टर टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळाला.

सगळे जोडले, आणि डब्यावरचा वायरीचा दिवा काही लागेना. कन्येने तोंड फिरवले. केबलच्या धंद्यात असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. त्याने आधी दोन्ही डबे टेबलावर शेजारी ठेवून हातभर वायरीने जोडले. दिवे लगेच लागले. "सर, डबे चांगले आहेत. दोष भिंतीत आहे."

"पण मीटर तर वाजला होता!" मी म्हणालो.

"मीटर फक्त वाट आहे की नाही ते सांगतो, सर. इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला ती वाट मोकळी आहे का, ते नाही सांगत."

त्याने वाटेवरच्या मधल्या खोलीचे सॉकेट उघडले. त्यात एक नाही, दोन वायरी होत्या. एक आत येणारी, एक पुढे माडीवर जाणारी. त्या काळी वायर वाचवण्यासाठी असे सॉकेट बसवत. त्यातला छोटा सर्किटचा तुकडा टीव्हीपुरते संदेश पुढे सोडतो, त्याहून वरचे दाबून टाकतो. त्याने ते काढून दोन्ही वायरी नव्या पिना लावून जॉइंटरने सरळ जोडल्या. माडीवरचे सॉकेटही त्याच जातीचे निघाले. तिथेही वायरीच्या टोकाला थेट पिन लावली. पाच मिनिटांत माडीवरचा दिवा हिरवा झाला.

आता माडीवर लॅपटॉपला चौऱ्याण्णव-पंचाण्णव एमबीपीएस मिळतात, म्हणजे प्लॅन जेवढा देतो जवळजवळ तेवढे. घरातल्या घरात, खालच्या संगणकावरून दहा जीबीची फाइल वर जायला दीड मिनिट लागते. दोन टोकांमध्ये तीन-चार मिलिसेकंदांची भर पडते, ती मुलाखतीत कुणाला जाणवत नाही. वरच्या डब्याला एक लहान वाय-फाय जोडले, त्यामुळे मोबाइलचीही सोय झाली.

या उद्योगात एक गोष्ट मनात पक्की बसली. भिंतीतली पंचवीस वर्षांची वायर शाबूत होती. अडवत होते ते सांधे. जुना स्प्लिटर, दुहेरी सॉकेट, न जुळणारी पिन. म्हणून कुणी डबे मागवणार असेल, तर आधी एक रविवार काढून प्रत्येक सॉकेट उघडून पाहावे. मागे एकच वायर दिसली तर काम सोपे. दोन दिसल्या तर जॉइंटर खिशात ठेवावा. मीटर कुठेच वाजला नाही तर वायर मधे तुटलेली आहे, तिथे डब्यांवर पैसे घालवू नयेत.

कन्येची पुढची मुलाखत माडीवरच झाली. पाऊण तास. मी जिन्यात उभा होतो. आत एकदाही "हॅलो, ऐकू येतंय का?" असे म्हणावे लागले नाही. सासूबाईंनी मात्र मालिका संपल्यावर भिंतीवरून हात फिरवून पाहिला, रंग निघाला नाही ना म्हणून.